अनामतीचे एक वाक्य आणि त्याची सात कलमे

पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार ३१ मेला संपतो, असे समजू. राहणारा माणूस घर रिकामे करून १० जूनला किल्ल्या देतो. मालक अनामतीतली उरलेली रक्कम ५ जुलैला त्याच्या खात्यात भरतो. अनामत 'तीस दिवसांच्या आत' परत मिळेल, असे करारात लिहिलेले आहे. मग मालकाला उशीर झाला की नाही?

तीस दिवस करार संपल्यापासून मोजले तर मुदत ३० जूनला संपली, म्हणजे मालक पाच दिवस उशिरा आला आणि त्याच्यावर व्याज चढले. ताबा मिळाल्यापासून मोजले तर मुदत १० जुलैपर्यंत होती आणि व्याजाचा प्रश्नच नाही. दोघेही त्याच कागदावर बोट ठेवतात आणि दोघांनाही आपले म्हणणे त्यात दिसते. हा गोंधळ वाक्यातल्या अवघड शब्दांनी केलेला नाही. वाक्य इतके लांब आहे की 'तीस दिवस' हे शब्द नेमके कशाला जोडायचे, हे त्यातून कळतच नाही.

असे वाक्य कसे दिसते ते समोर ठेवून पाहणे बरे. महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्सच्या मराठी करारांत ज्या धाटणीची भाषा नेहमी आढळते, तिच्यावरून रचलेला हा नमुना आहे. यात 'लिहून देणार' म्हणजे घराचा मालक आणि 'लिहून घेणार' म्हणजे तिथे राहायला येणारा.

"लिहून देणार यांनी लिहून घेणार यांजकडून स्वीकारलेली रु. १,५०,००० ची अनामत रक्कम, सदर कराराची मुदत संपल्यानंतर अथवा एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन करार मुदतीपूर्वी संपुष्टात आणल्यास, लिहून घेणार यांनी सदर मिळकतीचा रिकामा व शांततापूर्ण ताबा दिल्यावर, थकीत लायसन्स फी, वीजबिल, सोसायटीचे देणे व सदर मिळकतीचे झालेले नुकसान, नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून, वजा करून, तीस दिवसांच्या आत बिनव्याजी परत करण्यात येईल, व तसे न केल्यास त्या रकमेवर द.सा.द.शे. १२ दराने व्याज देय राहील, परंतु लिहून घेणार यांनी ताबा देण्यास विलंब केल्यास प्रतिदिन रु. १,००० प्रमाणे नुकसानभरपाई वसूल करण्याचा अधिकार लिहून देणार यांस राहील."

नव्वदहून अधिक शब्द, आणि पूर्णविराम एकच. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे 'परत करण्यात येईल' इथे पोचेपर्यंत वाचणाऱ्याला अनामत, मुदत, पूर्वसूचना, ताबा आणि चार प्रकारच्या वजावटी हे सगळे डोक्यात धरून ठेवावे लागते. पोचल्यावरही परत कोण करणार हे वाक्य सांगत नाही. मधल्या 'संपल्यानंतर', 'आणल्यास', 'दिल्यावर', 'वगळून', 'वजा करून' या रूपांनी एकामागून एक अटी जोडत नेल्या आहेत. कुठली अट कशावर टेकली आहे, ते मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

वकील अशी वाक्ये का लिहितात, याला कारण आहे. नियम एका वाक्यात आणि त्याचा अपवाद दुसऱ्या वाक्यात गेला, तर उद्या कोणी फक्त नियम उचलेल आणि अपवाद सोडून देईल, ही भीती जुनी आहे. ती अगदीच निराधार नाही. पण करार वाचताना न्यायालय एखादे वाक्य सुटे काढून त्याचा अर्थ लावत नाही. दस्त संपूर्ण वाचायचा आणि एका कलमाचा अर्थ दुसऱ्या कलमाच्या आधाराने लावायचा, हे अर्थनिर्णयाचे रुळलेले तत्त्व आहे. पूर्णविराम दिला म्हणून अपवाद नियमापासून तुटत नाही. नियम आणि अपवाद यांचे नाते शब्दांत सांगायचे राहिले, तर मात्र तो तुटतो.

म्हणूनच स्वल्पविराम दिसेल तिथे पूर्णविराम ठोकला की काम झाले, असे होत नाही. आधी वाक्याची उकल करावी लागते. त्यासाठी जॉर्ज कूड या इंग्लिश बॅरिस्टरने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या कायद्याच्या भाषेवरच्या पुस्तकातली मांडणी आजही कामाला येते. त्याच्या मते कायद्याच्या वाक्यात चार भाग असतात: ते कोणत्या प्रसंगी लागू होते, आधी कोणती अट पुरी व्हावी लागते, कोणावर जबाबदारी आहे किंवा कोणाला हक्क आहे, आणि त्याने काय करायचे आहे. प्रसंग, अट, कर्ता, कृती.

अनामतीच्या वाक्याला हे चार प्रश्न विचारले की ते भराभर सुटे होते. प्रसंग: करार मुदत भरून संपला किंवा पूर्वसूचना देऊन आधी संपवला. अट: राहणाऱ्याने रिकामा ताबा दिला. कर्ता: मालक. कृती: वजावट करून उरलेली रक्कम परत देणे. एवढे झाल्यावर ध्यानात येते की वाक्य इथे संपलेलेच नाही. 'व तसे न केल्यास' पासून दुसरे वाक्य सुरू होते. त्याचा प्रसंग मालकाचा उशीर आणि त्यातली कृती व्याज देणे. 'परंतु' पासून तिसरे वाक्य सुरू होते. त्यात उशीर राहणाऱ्याचा आहे आणि भरपाई मागण्याचा हक्क मालकाचा. एका पूर्णविरामाखाली तीन स्वतंत्र व्यवहार कोंबले होते.

उकल करताना काही जागी हात अडतो. त्या जागा सगळ्यांत महत्त्वाच्या, कारण मूळ वाक्याने तिथे काही ठरवलेलेच नसते. या नमुन्यात अशा चार जागा आहेत.

पहिली, तीस दिवस कधीपासून मोजायचे. दुसरी, 'त्या रकमेवर' व्याज म्हणजे पूर्ण दीड लाखावर की वजावटीनंतर उरलेल्या रकमेवर. तिसरी, उशिराबद्दलची दररोजची १,००० रुपये भरपाई मालकाने अनामतीतूनच कापून घ्यायची की वेगळी मागायची. वजावटीच्या यादीत ती नाही. पण 'परंतु' ने ती त्याच वाक्याला चिकटवली आहे, त्यामुळे कापून घेता येते असे म्हणायला वाव राहतो. दहा दिवसांच्या उशिरात हा प्रश्न १०,००० रुपयांचा होतो.

चौथी जागा सहज नजरेतून सुटेल अशी आहे. 'थकीत लायसन्स फी, वीजबिल, सोसायटीचे देणे' यातले 'थकीत' फक्त फीला लागते की तिघांना? वीजबिल रीडिंग घेतल्यावर येते. १० जूनला किल्ल्या देताना शेवटच्या दिवसांचे बिल आलेलेच नसते आणि जे आले नाही ते थकीत कसे म्हणायचे? यादी नीट मांडण्याच्या हौसेने कोणी प्रत्येक बाबीमागे 'थकीत' लावले, तर न आलेल्या बिलाचे पैसे अनामतीतून घेण्याचा मालकाचा मार्ग बंद होतो. ते कुठेच लावले नाही, तर राहणाऱ्याने भरून टाकलेल्या बिलाचीही वजावट मागता येईल. एका विशेषणाची जागा बदलली आणि पैशांचा हिशेब बदलला.

वाक्य तोडताना अर्थ हरवतो तो बहुतेक वेळा इथेच. तोडणारा आपल्याला जे सरळ वाटते ते लिहून मोकळा होतो आणि जो प्रश्न दोन पक्षांनी सोडवायचा होता तो त्याने परस्पर सोडवलेला असतो. योग्य रीत अशी की या चार जागा समासात टिपून ठेवाव्यात, दोघांना विचारावे आणि उत्तर आल्यावरच वाक्य लिहावे. भाषा सोपी करताना करारातली जुनी फट उघडी पडली, तर तो सोपेपणाचा फायदाच समजायला हवा. पण ती फट गुपचूप बुजवण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला नाही.

हा प्रश्न केवढा होऊ शकतो ते कॅनडात दिसले. रॉजर्स ही केबल कंपनी आणि एलायंट ही टेलिफोन कंपनी यांच्यात २००२ साली खांब वापरण्याचा करार झाला. करार पाच वर्षे चालेल, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी वाढत जाईल, एक वर्षाची लेखी सूचना देऊन कोणीही तो संपवेपर्यंत, असे तीन तुकडे एकाच वाक्यात होते. शेवटच्या तुकड्याआधी स्वल्पविराम होता. एलायंटने पहिली पाच वर्षे पुरी होण्याआधीच करार संपवायची सूचना दिली. २००६ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाने म्हटले की त्या स्वल्पविरामामुळे संपवण्याची मुभा पहिल्या पाच वर्षांनाही लागू होते. २००७ मध्ये आयोगाने कराराच्या फ्रेंच मसुद्याच्या आधारे निर्णय फिरवला, कारण त्यात असा दुसरा अर्थ निघत नव्हता.

तेच कलम तीन वाक्यांत लिहिले असते तर? "करार पाच वर्षे चालेल. त्यानंतर तो दर वेळी आणखी पाच वर्षांसाठी वाढेल. एक वर्षाची लेखी सूचना देऊन कोणताही पक्ष तो संपवू शकेल." यानेही वाद मिटत नाही. वाक्ये छोटी झाली, पण सूचना पहिल्या पाच वर्षांत देता येते का, हा प्रश्न तसाच राहिला. "मात्र पहिली पाच वर्षे पूर्ण होण्याआधी करार संपवता येणार नाही," असे चौथे वाक्य जोडल्यावरच काम होते. अट ज्या गोष्टीला लागते त्या गोष्टीचे नाव अटीच्या वाक्यात आले पाहिजे.

आता अनामतीकडे. समजा, दोघांनी बसून ठरवले की तीस दिवस ताबा मिळाल्यापासून मोजायचे, व्याज उरलेल्या रकमेवर द्यायचे, ताब्याच्या दिवसापर्यंतच्या वापराचे न भरलेले वीजबिल वजा करायचे, आणि उशिराची भरपाई अनामतीतून कापता येईल. मग कलम असे उतरते:

७.१ लायसेन्सरने लायसेन्सीकडून १,५०,००० रुपये अनामत घेतली आहे. कलम ७.६ मधला प्रसंग सोडून या अनामतीवर व्याज मिळणार नाही.

७.२ हा करार मुदत भरून संपला, किंवा एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देऊन मुदतीपूर्वी संपवला, तर लायसेन्सरने कलम ७.३ ते ७.५ प्रमाणे अनामत परत केली पाहिजे.

७.३ लायसेन्सीने घराचा रिकामा व शांततापूर्ण ताबा देईपर्यंत लायसेन्सरवर अनामत परत करण्याची जबाबदारी नाही.

७.४ लायसेन्सर अनामतीतून पुढील रकमा वजा करू शकतो: (क) थकीत लायसन्स फी, (ख) ताबा देण्याच्या दिवसापर्यंतच्या वापराचे न भरलेले वीजबिल, (ग) सोसायटीचे थकीत देणे, (घ) घराच्या नुकसानीची रक्कम, (च) कलम ७.७ प्रमाणे देय झालेली नुकसानभरपाई. नेहमीच्या वापराने झालेली झीज (घ) मध्ये धरली जाणार नाही.

७.५ वजावटीनंतर उरलेली रक्कम लायसेन्सरने ताबा मिळाल्याच्या दिवसापासून तीस दिवसांच्या आत लायसेन्सीला दिली पाहिजे.

७.६ लायसेन्सरने कलम ७.५ मधली रक्कम त्या मुदतीत दिली नाही, तर जेवढी रक्कम दिली नाही तेवढ्या रकमेवर लायसेन्सरने मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रक्कम देईपर्यंत द.सा.द.शे. १२ दराने व्याज दिले पाहिजे.

७.७ करार संपल्यावर लायसेन्सीने ताबा देण्यास उशीर केला, तर लायसेन्सर उशिराच्या प्रत्येक दिवसासाठी १,००० रुपये नुकसानभरपाई घेऊ शकतो.

एकूण शब्द दीडपटीहून अधिक झाले. यात वावगे काही नाही. 'लायसेन्सर' आणि 'लायसेन्सी' ही नावे पुन्हा पुन्हा आली, कारण 'तो', 'त्याने', 'सदर रक्कम' असे लिहिले की मागचे वाक्य शोधत जावे लागते आणि पुन्हा तोच घोळ होतो. 'अनामत' हा शब्दही शेवटपर्यंत तोच ठेवला आहे. गोष्टीत एकच शब्द वारंवार आला तर खटकतो. करारात मात्र 'अनामत' एका जागी 'डिपॉझिट' झाली आणि दुसरीकडे 'सुरक्षा ठेव', की या रकमा दोन का, असे विचारायला जागा होते.

क्रियापदांकडेही लक्ष हवे. मुळात 'परत करण्यात येईल' होते, ते 'परत केली पाहिजे' झाले, कारण ते बंधन आहे. 'परत करावी' लिहिले असते तर बोलीत ते सल्ल्यासारखे वाटते. उलट 'वसूल करण्याचा अधिकार राहील' याचे 'घेऊ शकतो' झाले, 'घेईल' नाही. हक्क वापरायचा की सोडून द्यायचा हे मालकाच्या मर्जीवर आहे, आणि ती मर्जी नव्या वाक्यातही टिकली पाहिजे.

कलम ७.२ मध्ये 'संपवला' कोणी, हे मुद्दाम लिहिलेले नाही. मूळ वाक्यातही ते नव्हते. पूर्वसूचना कोण देऊ शकतो हे करारात दुसरीकडे असते आणि ते कलम न वाचता इथे 'दोघांपैकी कोणीही' असे घुसवले, तर राहणाऱ्याला किंवा मालकाला नवाच हक्क मिळून जाईल. तसेच ७.४ मध्ये 'फक्त पुढील रकमा' लिहिण्याचा मोह होतो. मुळात 'फक्त' नव्हते. ते हवे असेल तर तो पाचवा प्रश्न म्हणून विचारायचा.

काही शब्द मात्र अवघड वाटले तरी हलवायचे नाहीत. बोलताना सगळे 'भाडेकरू' म्हणतात, म्हणून 'लायसेन्सी' काढून 'भाडेकरू' लिहिले तर वाचायला सोपे होईल. पण १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स म्हणजे नुसती वापराची परवानगी. जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात तो होतो. न्यायालय नावापेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप पाहते, तरीही हा वाद मालकाने आपल्याच कागदाने ओढवून घ्यायचे कारण नाही. 'रिकामा व शांततापूर्ण ताबा' हेही असेच ठेवले आहे: सामान आणि माणसे दोन्ही हललेली, आणि ताब्याबद्दल कोणाची तक्रार नाही, एवढे सगळे त्यात येते. नुसत्या 'किल्ल्या देणे' मध्ये ते येत नाही.

नवे कलम बरोबर उतरले की नाही, हे तपासायचा खात्रीचा उपाय म्हणजे जुन्या आणि नव्या मजकुरावर तेच प्रसंग चालवून पाहणे. करार ३१ मेला संपला, ताबा १० जूनला दिला, ५ जुलैला पैसे आले. एका महिन्याची फी २५,००० रुपये थकली होती, न भरलेले वीजबिल ३,२०० रुपये होते, फुटलेल्या बेसिनचे ६,८०० रुपये झाले, आणि भिंतींचा रंग उडाला होता. नव्या कलमाने रंग झिजेत गेला. त्याचे पैसे नाहीत. वजावट ३५,००० रुपये, त्यात दहा दिवसांच्या उशिराचे १०,००० मिळून ४५,०००. राहणाऱ्याला १,०५,००० रुपये मिळायला हवेत, शेवटची तारीख १० जुलै, म्हणून व्याज नाही. उत्तर एकच निघते. जुन्या वाक्याने हाच हिशेब केला तर देय रक्कम १,०५,००० की १,१५,०००, आणि व्याज आहे की नाही, यांवर वेगवेगळी उत्तरे येतात. दोन्ही मजकूर जिथे वेगळे पडतात, ती प्रत्येक जागा दोघांनी ठरवलेल्या प्रश्नांपैकी असली पाहिजे. त्याबाहेर कुठे फरक पडला, तर वाक्य तोडताना काहीतरी सांडले.

आणखी एक प्रसंग चालवून पाहावा: राहणाऱ्याने अटी मोडल्या म्हणून मालकाने पूर्वसूचना न देता करार संपवला. जुने वाक्य यावर गप्प आहे, नवे कलमही गप्प आहे. अनामतीचे काय, हे दोन्हींत नाही. म्हणजे भाषांतर प्रामाणिक झाले, पण करार अपुरा आहे, आणि ते दोघांना सांगायला हवे.

भाषा कितीही स्वच्छ केली तरी करार एकटा उभा नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे, मुदत संपूनही ताबा न देणाऱ्या लायसेन्सीला सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत बाहेर काढले जाईपर्यंत लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. फी महिना २५,००० असेल तर दुप्पट म्हणजे ५०,०००, तीस दिवसांच्या महिन्यात रोजचे सुमारे १,६६७ रुपये. करारातल्या १,००० पेक्षा हे जास्त आहे. म्हणून ७.७ ला 'याहून अधिक काही मागता येणार नाही' अशी शेपटी जोडणे हा भाषेचा निर्णय नाही, हक्क सोडण्याचा आहे. उलट, ठरलेली रक्कम करारात लिहिली म्हणजे ती पूर्ण मिळेलच असेही नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाई देते आणि करारातला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

हे सगळे कच्च्या मसुद्यावरच करायचे असते. त्याच १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर असते. नोंदणी झाल्यावर एखाद्या वाक्याचा अर्थ दोघांना एकत्र बसून पक्का करायचा असेल, तर चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो आणि त्याचीही नोंदणी करावी लागते. तीस दिवस कधीपासून, हा प्रश्न मसुद्यावर पेन्सिलने विचारला तर दोन मिनिटांत सुटतो, कारण तेव्हा कोणाचेच पैसे अडकलेले नसतात.